विमा, गाडीचे कागद, वॉरंटी : आठवण संपायच्या तारखेची नको, कामाची लावा

मागे एकदा माझ्या गाडीचा विमा तीन दिवस संपलेला होता आणि मला पत्ताच नव्हता. गंमत म्हणजे कॅलेंडरमध्ये आठवण लावलेली होती, ती बरोब्बर वाजली पण होती, सकाळी नऊ वाजता, "गाडी इन्शुरन्स" एवढंच लिहिलेलं, आणि त्या वेळी मी सिग्नलला उभा होतो. अंगठ्याने बाजूला सारली, म्हटलं संध्याकाळी बघू, आणि ती संध्याकाळ काही आली नाही. नंतर विमा कंपनीने गाडीची पाहणी मागितली, फोटो काढा, व्हिडिओ पाठवा, मंजुरीची वाट बघा, आणि तोपर्यंत गाडी दारात उभी. आठवण नव्हती म्हणून हे झालं नाही, आठवण होती पण ती कामाची नव्हती.

तेव्हापासून मी जे करतो ते इथे लिहितोय, अगदी पहिल्यापासून, म्हणजे ज्यांनी आजवर असलं काही केलेलं नाही त्यांनाही जमेल. लागतं काय तर एक गूगल शीट, एक गूगल कॅलेंडर आणि पहिल्यांदा साधारण दोन तास. वेगळी ॲप पण मिळतात, पण मी दोन वापरून सोडली, कारण ॲप बंद पडलं की सगळ्या तारखा त्याच्याबरोबर गेल्या. शीट कुठेही नेता येते.

आधी कागद गोळा करा

एका बैठकीत करा, तुकड्यातुकड्यात केलं तर अर्धं राहतं. गाडीच्या डिकीतलं पाकीट, कपाटातली फाइल, ईमेल, आणि बँकेचं गेल्या तेरा महिन्यांचं स्टेटमेंट. बारा नाही, तेरा म्हणतोय, कारण मागच्या वर्षी हप्ता थोडा आधी भरला असेल तर बारा महिन्यांत तो दिसतच नाही. स्टेटमेंट फार उपयोगी पडतं, आपण विसरलेल्या वार्षिक गोष्टी तिथे बरोबर सापडतात. ईमेलमध्ये policy, renewal, invoice, warranty असे शब्द एकेक करून शोधा. दोन-तीन वर्षांनी येणाऱ्या गोष्टी मात्र स्टेटमेंटमध्ये दिसणार नाहीत, त्यासाठी घरात एक चक्कर मारा आणि प्रत्येक मोठ्या वस्तूसमोर उभं राहून विचारा की हिची वॉरंटी कधीपर्यंत आहे.

कागद हातात आला की त्यावरची तारीख नीट वाचा, इथेच पहिली चूक होते. वर्षाची पॉलिसी १२ ऑगस्टला सुरू झाली असेल तर ती पुढच्या वर्षी ११ ऑगस्टच्या मध्यरात्री संपते, १२ ला नाही. आपल्या डोक्यात मात्र "१२ ऑगस्टला घेतली होती" एवढंच राहतं आणि आपण तीच तारीख लिहून टाकतो. एका दिवसाचा फरक वाटतो किरकोळ, पण १२ तारखेला सकाळी गाडी ठोकली तर तोच फरक सगळं काही. तेव्हा आठवणीतून लिहू नका, कागदावर "पर्यंत वैध" असं जे छापलंय तेच उतरवा.

शीट बनवा, पण छोटी

मी पहिल्यांदा सतरा कॉलमची शीट बनवली होती, दोन महिन्यांत तिच्याकडे बघणं बंद झालं. आता नऊ आहेत आणि तेवढे पुरतात. A मध्ये काय आहे ते, B मध्ये सुरू झाल्याची तारीख, C मध्ये संपायची तारीख, D मध्ये किती दिवस आधी काम सुरू करायचं तो आकडा, E मध्ये काम सुरू करायची तारीख, F मध्ये पुढचं नेमकं काम, G मध्ये कोण करणार, H मध्ये कागद कुठे आहे, आणि I मध्ये स्थिती. यातले E आणि I आपण हाताने भरायचे नाहीत, ते शीटच काढून देते.

पहिली ओळ मथळ्यांची, दुसऱ्या ओळीपासून माहिती. E2 मध्ये हे टाका:

```
=IF(C2="","",C2-D2)
```

आणि I2 मध्ये हे:

```
=IF(C2="","",IF(C2<TODAY(),"संपलं",IF(E2<=TODAY(),"सुरू कर","निवांत")))
```

मग दोन्ही खाली ओढून घ्या. E मध्ये तारखेऐवजी ४६ हजारच्या आसपासचा कुठलातरी आकडा दिसला तर घाबरू नका, शीट आतून तारखा दिवसांच्या संख्येतच मोजते, `Format` मधून `Number` आणि त्यात `Date` निवडलं की सरळ तारीख दिसते.

खरी भानगड होते ती तारीख टाकताना. तुम्ही 05/08 लिहिलं की शीटला ते ५ ऑगस्ट वाटेल की ८ मे, हे शीटच्या सेटिंगवर आहे, आणि दोन्ही तारखा खऱ्या असल्यामुळे शीट काहीच तक्रार करत नाही. चुपचाप तीन महिन्यांचा घोळ होतो. म्हणून आधी `File` मध्ये `Settings` उघडा, तिथे `Locale` तुमच्या देशाचा आहे का बघा आणि शिवाय तारीख अशी टाका: 2026-08-11, म्हणजे वर्ष-महिना-दिवस, यात गोंधळाला जागाच नाही. टाकल्यावर तारीख सेलमध्ये उजवीकडे सरकली तर शीटने ती तारीख म्हणून घेतली, डावीकडे चिकटून राहिली तर तिला ते नुसतं अक्षर वाटतंय आणि तुमचं सूत्र एरर देऊ शकतं.

लाल रंग हवा असेल तर A2 पासून I कॉलमपर्यंतच्या ओळी निवडा, मग `Format`, `Conditional formatting`, खाली `Custom formula is` निवडून हे:

```
=AND($C2<>"",$E2<=TODAY())
```

यातला पहिला भाग गाळू नका, शीट रिकाम्या सेलला शून्य धरते, आणि शून्य हे आजच्या तारखेपेक्षा कमीच, त्यामुळे तो नसेल तर खालच्या सगळ्या रिकाम्या ओळी पण लाल होऊ शकतात. आणि सगळीकडे लाल दिसायला लागलं की लाल कोण बघतंय.

"किती दिवस आधी" हा आकडा कसा काढायचा

सगळा जीव या एका कॉलममध्ये आहे, त्यामुळे इथे जरा थांबू. बहुतेक लोक सरसकट "एक महिना आधी" लावतात. पण प्रत्येक कागदाची चाल वेगळी असते आणि आकडा त्या चालीवरून काढायचा असतो, शेवटून मागे मोजत.

गाडीच्या विम्याचं उदाहरण घेऊ. पॉलिसी ११ ऑगस्ट २०२६ च्या मध्यरात्री संपते. नवीन पॉलिसी हातात आल्यावर त्यात चूक निघू शकते, इंजिन नंबरचा एक आकडा चुकला, नावाचं स्पेलिंग चुकलं, ते दुरुस्त करून घ्यायला एक आठवडा धरा. त्याआधी पैसे भरणं, त्यात कार्ड अडकलं वगैरे दोन-तीन दिवस. त्याआधी दोन-तीन कंपन्यांचे आकडे मागवून तुलना करणं, हे आपण सुट्टीच्या दिवशीच करणार, म्हणजे दोन शनिवार-रविवार धरा. आणि त्याच्याही आधी जुनी पॉलिसी काढून बघणं, गाडीची किंमत किती धरलीय, कुठले जादा कव्हर घेतलेत, मागच्या वर्षी त्यातलं काय वापरलं. हे सगळं मिळून महिना जातो, त्यावर आपण गावाला गेलो, आजारी पडलो यासाठी पंधरा दिवस. झाले ४५. ११ ऑगस्टपासून ४५ दिवस मागे गेलं की २७ जून येतो, २०२६ मध्ये तो शनिवार आहे, म्हणजे अगदी सोयीचा.

काही कंपन्या इतक्या लवकर कोटेशन देतच नाहीत, आणि दिलं तरी ते ठरावीक दिवसच चालतं. चालेल की, पहिल्या आठवणीचं काम कोटेशन हे नाहीच, जुनी पॉलिसी वाचणं हे आहे.

आरोग्य विम्याला मी ६० धरतो, कारण कंपनी बदलायची झाली तर फॉर्म, जुन्या आजारांची माहिती, कधी कधी तपासण्या, मग त्यांचे प्रश्न, असं लांबत जातं. शिवाय आरोग्य विम्यात खंड पडला तर अनेक पॉलिसींमध्ये जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्यांच्यासाठी क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, पुन्हा पहिल्यापासून मोजतात, गाडीच्या विम्यासारखं पाहणी करून भागत नाही. म्हणून इथे कंजुषी नको.

प्रदूषण तपासणीसारख्या कागदाचं बरोबर उलटं. असल्या काही प्रमाणपत्रांची मुदत तपासणीच्या दिवसापासून मोजतात, म्हणजे तुम्ही महिनाभर आधी गेलात तर एक महिना फुकट गेला. काही कागदांत मात्र जुनी मुदत संपते तिथून नवीन सुरू होते, मग लवकर गेलं तरी नुकसान नाही. तुमचा कुठला प्रकार आहे हे ओळखायला कोणाला विचारायची पण गरज नाही, शेवटचे दोन कागद शेजारी ठेवा. नवीन मुदत तपासणीच्या तारखेपासून मोजलेली दिसते की जुन्या मुदतीच्या दुसऱ्या दिवसापासून, ते दोन तारखांवरून लगेच कळतं. पहिला प्रकार असेल तर ७ दिवस पुरे, आणि ते ७ पण अशासाठी की गाडी तपासणीत नापास झाली तर दुरुस्त करून परत जायला वेळ हवा.

आता समजा तीन ओळी झाल्या. प्रदूषण तपासणी ५ ऑगस्टला संपते, गाडीचा विमा ११ ऑगस्टला, आरोग्य विमा २० सप्टेंबरला. संपायच्या तारखेने लावलं तर हाच क्रम. पण E कॉलमने लावून बघा: गाडीचा विमा २७ जून, आरोग्य विमा २२ जुलै, प्रदूषण तपासणी २९ जुलै. जे सगळ्यात आधी संपतं त्याला सगळ्यात शेवटी हात लावायचाय. शीट कायम E ने सॉर्ट करून ठेवा, C ने नाही.

आणि ऑटो-रिन्यू असलेल्या गोष्टी सोडू नका, त्यांना पण ओळ द्या. तिथे दोन वेगळ्या गोष्टी अडकवतात. एक म्हणजे मधल्या काळात कार्ड बदललेलं असतं, पैसे कापलेच जात नाहीत आणि आपण निर्धास्त. दुसरं म्हणजे आपल्याला ते नको असतं पण रद्द करायची शेवटची तारीख नूतनीकरणाच्या काही दिवस आधीच निघून गेलेली असते. अशा ओळीत C मध्ये मी नूतनीकरणाची नाही, रद्द करायची शेवटची तारीख टाकतो.

कॅलेंडरमध्ये एकाच्या तीन नोंदी

शीट आपण रोज उघडत नाही, त्यामुळे हाक मारायचं काम कॅलेंडरचं. इथे नवीन माणूस काय करतो, ११ ऑगस्टला एक नोंद करतो आणि तिला "४५ दिवस आधी" अशी सूचना लावायला जातो, आणि गूगल कॅलेंडर ते घेत नाही. तिथे नोंदीची सूचना जास्तीत जास्त ४ आठवडे आधीचीच लागते. मग तो म्हणतो ठीक आहे, चार तर चार, आणि पहिले सतरा दिवस तिथेच गेले. त्यापेक्षा त्या त्या दिवशी वेगळी नोंदच करा.

गाडीच्या विम्याच्या माझ्या तीन नोंदी अशा असतात. पहिली शनिवार २७ जूनला: "जुनी पॉलिसी काढ, गाडीची किंमत आणि जादा कव्हर बघ". दुसरी पंधरा दिवस आधी, सोमवार २७ जुलैला: "कंपनी ठरव आणि पैसे भर". तिसरी शेवटची, हिशोबाने तीन दिवस आधी म्हणजे ८ ऑगस्टला यायला हवी, पण तो शनिवार निघाला, कंपनीत फोन उचलायला कोणी नसेल तर सोमवार उजाडतो आणि मंगळवारी रात्री मुदत संपते, म्हणून ती मी गुरुवारी ६ तारखेला ओढली: "नवीन पॉलिसीची पीडीएफ हातात आहे का? नसेल तर आत्ता फोन". शेवटच्या नोंदीचा वार बघायची सवय लावाच, पुढच्या वर्षी वार बदलणार.

मजकूर कसा लिहायचा यावर बरंच अवलंबून आहे. लॉक स्क्रीनवर सुरुवातीचे चार-पाच शब्दच दिसतात, तेव्हा कामाचं क्रियापद पुढे यायला हवं. "गाडी इन्शुरन्स" वाचून मेंदू म्हणतो हो माहितीये, आणि विषय संपतो. "जुनी पॉलिसी काढ" वाचून निदान फाइल कुठे आहे हे तरी डोक्यात येतं. खालच्या वर्णनाच्या जागेत पॉलिसी नंबर, कंपनीचा फोन, कागदाची लिंक, गाडीचा नंबर सगळं टाकून ठेवा, म्हणजे आठवण वाजली की शोधाशोध न करता तिथूनच काम सुरू होतं. निम्म्या वेळा आपण काम पुढे ढकलतो ते नंबर सापडत नाही म्हणून, आळसाने नाही.

वेळ पण तुमची तुम्ही ठरवा. सकाळी नऊ ही ॲपची आवडती वेळ असेल, माणसाची नाही. तुम्ही फोन घेऊन निवांत बसता, कार्ड जवळ असतं, कॉम्प्युटर उघडा असतो, अशी वेळ शोधा. माझी शनिवारी सकाळी साडेदहा आणि इतर दिवशी रात्री पावणेनऊ. ज्या कामाला फोन करावा लागणार त्याची वेळ मात्र ऑफिसच्या वेळेतच हवी, रात्री पावणेनऊला "फोन कर" असं वाजून काय उपयोग. आणि दिवसभराची नोंद करू नका, तासाची करा. दिवसभराच्या नोंदी वरच्या पट्टीत वाढदिवस आणि सुट्ट्यांच्या गर्दीत जाऊन बसतात, त्यांच्या सूचनांचं सेटिंगही वेगळं असतं, ते कधी बंदच असतं आणि आपल्याला माहीत नसतं.

एक मर्यादा लक्षात घ्या, सूचना बोटाने सारली की गेली, कॅलेंडरला तुम्ही काम केलं की नाही याच्याशी देणंघेणं नाही. म्हणून तिसरी आणि शेवटची आठवण मी नोंद म्हणून न ठेवता कॅलेंडरमध्येच टास्क म्हणून ठेवतो. टास्क जोपर्यंत आपण स्वतः टिक करत नाही तोपर्यंत यादीत तसंच बसून राहतं, सारखं डोळ्यात खुपतं. आणि टिक पैसे भरल्यावर नाही, कागद हातात आल्यावर. पैसे कापले गेले पण पॉलिसी निघालीच नाही असं होतं, आणि तेव्हा आपण सगळ्यात जास्त गाफील असतो.

वाजते का ते तपासा

सगळं लावून झालं की दुसऱ्या दिवसाची एक खोटी नोंद करा आणि फोन रोजच्यासारखा वापरा. आली का, आवाज झाला का, लॉक स्क्रीनवर दिसली का, तिच्यातले किती शब्द वाचता आले. नाही आली तर बहुतेक वेळा कारण फोनमध्येच असतं. बॅटरी वाचवायच्या नादात फोन कॅलेंडर ॲपला मागे झोपवून ठेवतो, तेव्हा फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला बॅटरी सेव्हिंगमधून बाहेर काढा आणि त्याच्या सूचना चालू आहेत का बघा. रात्रीचा डू नॉट डिस्टर्ब साडेआठलाच सुरू होत असेल तर माझी पावणेनऊची आठवण मुकीच राहणार, हे पण मला असंच कळलं. कॅलेंडरच्या नोंदीला फोनवरच्या सूचनेशिवाय ईमेलची सूचना पण लावता येते, कॉम्प्युटरवर नोंद उघडून `Notification` च्या जागी `Email` निवडा. दोन्ही लावा, फोन बदलला किंवा हरवला तरी ईमेल येतो.

कंपनी मेसेज पाठवतेच की, मग हे सगळं कशाला, असं कोणीतरी म्हणतंच. पाठवते, पण त्याच नंबरवरून कर्ज घ्या, ऑफर घ्या असे पंधरा मेसेज पण पाठवते आणि आपण सगळेच न वाचता उडवतो. ईमेल जाहिरातींच्या टॅबमध्ये जातो. शिवाय "तुमची पॉलिसी आज संपतेय, इथे पैसे भरा" असे खोटे मेसेज पण फिरत असतात. त्यामुळे मेसेजमधल्या लिंकवरून पैसे कधीच भरू नका, आपल्या नोंदीत लिहिलेला नंबर लावा किंवा कंपनीची साइट स्वतः उघडा.

घरातल्या दुसऱ्या माणसाला कसं सामील करायचं

बरेच जण एक घरचं कॅलेंडर बनवून नवरा-बायको दोघांत शेअर करतात आणि समजतात की दोघांनाही आठवण जाईल. गूगल कॅलेंडरमध्ये तसं होत नाही. नोंद दोघांना दिसते, पण तुम्ही लावलेली सूचना तुमच्यापुरतीच असते, दुसऱ्याच्या फोनवर त्याने स्वतः जे सेटिंग ठेवलंय त्याप्रमाणेच वाजणार, आणि ठेवलंच नसेल तर वाजणारच नाही. म्हणून दोघांनी आपापल्या फोनवर त्या शेअर केलेल्या कॅलेंडरची सूचना चालू करायची, आणि ती खोट्या नोंदीची चाचणी दोन्ही फोनवर करायची.

आणि हे करूनही एक नवीन घोळ होतो, दोघांना वाजलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा करेल. आमच्याकडे हे दोनदा झालं. तेव्हा G कॉलममध्ये एकच नाव हवं, आणि दुसऱ्याला फक्त शेवटची आठवण, तीही "विमा भर" अशी नाही तर "पीडीएफ दाखव म्हण" अशी. आईवडिलांच्या पॉलिसी तुम्ही बघत असाल तर तिथेही हेच, मोबाइल नंबर त्यांचा नोंदवलेला असतो आणि ओटीपी त्यांच्याकडे जातो, त्यामुळे पैसे भरायच्या आठवणीची वेळ अशी ठेवा की तेव्हा त्यांचा फोन त्यांच्या हातात असेल.

वॉरंटीचं वेगळं

वॉरंटी नूतन होत नाही, ती संपते. त्यामुळे तिची आठवण "भरायची" नसते, "वसूल करायची" असते. संपायच्या ४५ दिवस आधी ती वस्तू नीट तपासायची आणि बारीकसारीक तक्रार असेल ती आत्ताच नोंदवायची. आमच्या वॉशिंग मशीनचा आवाज तीन महिने येत होता, चालतंय ना म्हणून सोडून दिलं, आणि वॉरंटी संपून सहा दिवस झाल्यावर ते बंद पडलं. त्यानंतर मी प्रत्येक वस्तूच्या नोंदीत काय तपासायचं ते लिहून ठेवतो: फुल लोड लावून फिरव, दाराचं रबर बघ, पाणी गळतं का बघ. लॅपटॉप असेल तर बॅटरी किती वेळ टिकते, सगळी पोर्ट चालतात का, बिजागरी सैल झालीय का.

संपायची तारीख काढायला C2 मध्ये हे सूत्र, इथे B2 मध्ये सुरू झाल्याची तारीख आणि २४ म्हणजे महिने:

```
=EDATE(B2,24)-1
```

शेवटचा उणे एक वर सांगितलेल्या १२ आणि ११ ऑगस्टच्या भानगडीसाठी. सुरुवात बिलाच्या तारखेपासून धरायची की बसवल्याच्या दिवसापासून हे वॉरंटी कार्डावर लिहिलेलं असतं, कळत नसेल तर बिलाची धरा, ती आधीची असल्यामुळे नुकसान होत नाही. एकाच वस्तूला दोन वॉरंटी असतील, पूर्ण यंत्राची वेगळी आणि मोटरची किंवा कॉम्प्रेसरची जास्त वर्षांची, तर दोन ओळी करा.

आणि बिलाचा फोटो त्याच दिवशी काढा, प्लीज. दुकानातली ती गुळगुळीत पावती थर्मल कागदाची असते, तिच्यावर शाई नसतेच, उष्णतेने कागद काळा होऊन अक्षरं उमटतात, आणि उन्हात किंवा प्लास्टिकच्या पाउचमध्ये ती अक्षरं उडून पावती वर्षभरात पांढरी फटक होऊ शकते. माझ्या एका मिक्सरची पावती मी जपून लॅमिनेट करायला गेलो आणि त्या गरम रोलरमधून ती पूर्ण काळी होऊन बाहेर आली. फोटो बिलाचा, वॉरंटी कार्डाचा, आणि वस्तूच्या मागच्या स्टिकरचा, ज्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर असतो. स्टिकरचा फोटो वस्तू भिंतीला लावायच्या आधी काढा, नंतर फ्रिज कोण सरकवणार.

फाइलचं नाव संपायच्या तारखेने सुरू करा, असं:

```
2026-08-11_gadi-vima.pdf
2027-03-04_washing-machine-bill.jpg
```

वर्ष आधी असल्यामुळे फोल्डर नावाने लावला की आपोआप तारखेच्या क्रमात येतो, आणि H कॉलममध्ये त्याचीच लिंक टाकायची.

काम झाल्यावरची पाच मिनिटं

"दर वर्षी रिपीट" असं लावून मोकळं व्हायचा मोह होतो, मी पण तेच केलं होतं. पण तपासणीपासून मुदत मोजणारा कागद दर वर्षी काही दिवस इकडेतिकडे सरकतो, मुदतीआधी चार दिवस गेलात तर पुढची तारीख चार दिवस अलीकडे येते, आणि रिपीट लावलेली आठवण मात्र जुन्या जागीच वाजत राहते. तीन वर्षांत ती मुदत संपल्यावर वाजायला लागते. शिवाय वार बदलतात, पॉलिसी नंबर बदलतो, कंपनी बदलते, आणि वर्णनात जुनीच माहिती राहते.

म्हणून माझ्याकडे टास्क टिक करायचा नियम एवढाच आहे: नवीन कागद उघडून त्यावरची नावं, नंबर आणि "पर्यंत वैध" तारीख वाचायची, फाइलला नाव देऊन फोल्डरमध्ये टाकायची, शीटमध्ये C बदलायचा, E मध्ये जी नवीन तारीख येते तिच्यावर पुढच्या वर्षाच्या तीन नोंदी करायच्या, आणि मगच टिक. या वेळी काम करताना किती दिवस गेले ते पण आठवून D चा आकडा सुधारायचा, माझा गाडीच्या विम्याचा ४५ हा तिसऱ्या वर्षी ठरलेला आकडा आहे, आधी मी २० धरत होतो. जुन्या पॉलिसीची पीडीएफ मात्र लगेच उडवू नका, मागच्या मुदतीतला एखादा क्लेम बाकी असू शकतो.

गाडी विकली, फ्रिज बदलला, तर त्या दिवशीच तिच्या कॅलेंडरमधल्या नोंदी काढून टाका आणि शीटमधली ओळ खाली वेगळ्या टॅबमध्ये हलवा. विकलेल्या स्कूटरची आठवण मला दीड वर्ष वाजत होती, दर वेळी सारायचो, आणि त्या सारायच्या सवयीत एकदा शेजारची खरी आठवण पण गेली.